उरलेलं उद्या सांगतो

अरे, परदेशातल्या प्रेयसीशी गोडी टिकवायची तर रोजचं ‘जेवलीस का?’ आधी बंद कर. त्याला ‘हो’पलीकडे उत्तरच नसतं. तुमच्यात 9 तासांचा फरक. तुला रात्री 11 वाजता लाडात यावंसं वाटतं, तेव्हा तिकडे दुपारचे 2, ती कामात. लगेच उत्तराची वाट बघशील तर रुसवाच पदरी पडेल. त्यापेक्षा 20 सेकंदांची व्हॉइस नोट टाक, अर्ध्यावर तोडलेली: ‘काल कॉलवर केस बांधताना तू ज्या नजरेनं बघितलंस ना... उरलेलं उद्या, तू उठलीस की.’ तपशील कालचाच हवा. ‘सुंदर दिसतेस’ काय, कुणीही म्हणेल. तिची सकाळ 7 ची, म्हणजे तुझे दुपारचे 4. तेव्हा उरलेलं खरंच सांग, नाहीतर पुढच्या वेळी ती विचारणारच नाही. आणि उत्तर नुसतं ‘हं’ आलं, तर ती दमलीय. त्या दिवशी छेडू नकोस.