पहिली मधपेटी: लाकूड आणि फट

"लातूरजवळ सूर्यफुलात पहिली मधपेटी ठेवायचीय. पेटी कोणती, कुठून, आणि अंगावर काय घालू?"

मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी असेल तर दहा फ्रेमची, म्हणजे पोळं धरणाऱ्या दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी घ्या. सातेरी या देशी माशीची पेटी लहान असते, तिच्या फ्रेम हिच्यात बसत नाहीत. लाकूड सागाचं, पण पूर्ण वाळलेलं हवं. माझी पहिली पेटी ओल्या लाकडाची निघाली, मे महिन्याच्या उन्हात सांधे उघडले. घेतानाच फ्रेम आत सोडून तिची बाजू आणि भिंत यांतली फट पट्टीने मोजा: ८ ते ९ मिमी. कमी असेल तर माश्या ती राळेने बुजवतात, जास्त असेल तर तिथं पोळं बांधतात. विक्रेत्यांची चौकशी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत करा. बुरख्याची जाळी काळी घ्या, आतून स्पष्ट दिसतं; ती नाकाला टेकता कामा नये.