हेडफोनवर भरलेलं गाणं फोनवर पोकळ का होतं?

प्रश्न: बहिणीच्या आवाजातला अभंग घरीच रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केला. पेटी रुंद वाटावी म्हणून तिच्या ट्रॅकची कॉपी केली, एक डावीकडे टाकली, दुसरी १० मिलिसेकंद उशिरा करून उजवीकडे. हेडफोनवर झकास वाटतं, पण फोनवर पेटीचे काही सूर गायब होतात आणि डग्गा तर ऐकूच येत नाही. मिक्स सरळ मोनो करू का?

उत्तर:

मोनो करू नका. स्टिरिओच ठेवा, फक्त पेटीची ती कॉपी काढून टाका. सूर गायब होण्याचं कारण तीच आहे. डग्ग्याचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

स्टिरिओ फाइलमध्ये डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. गायिकेचा आवाज बरोबर मध्ये ठेवला म्हणजे तो दोन्हीकडे सारखाच जातो. एखादं वाद्य पूर्ण डावीकडे सरकवलं की ते फक्त डाव्या प्रवाहात राहतं. मोनो म्हणजे या दोघांची बेरीज. एकच स्पीकर असलेला फोन आणि बहुतेक छोटे ब्लूटूथ स्पीकर ही बेरीजच वाजवतात. दोन स्पीकरवाल्या फोनमध्येही ते एकमेकांच्या इतके जवळ असतात की हातभर अंतरावर दोन्ही आवाज हवेतच मिसळतात. कागदावर हे असं मांडतात:

```
M = (L + R) / 2
S = (L - R) / 2
```

M म्हणजे दोन्हीकडे जे सारखं आहे ते, आणि S म्हणजे दोन्हींतला फरक. रुंदीची जाणीव या फरकातून येते. मोनोत S उरतच नाही. म्हणून रुंदी कशातून आणली आहे याला फार महत्त्व आहे: दोन खरोखर वेगळ्या आवाजांतून आणली असेल तर बेरजेत दोन्ही टिकतात, एकाच आवाजाच्या दोन प्रतींतून आणली असेल तर त्या एकमेकींना खातात.

तुमच्या पेटीचंच उदाहरण घेऊ. १० मिलिसेकंदांचा उशीर हेडफोनवर प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. जो आवाज आधी पोचतो त्या बाजूला वाद्य आहे असं मेंदू ठरवतो आणि मागून आलेल्या प्रतीमुळे ते फक्त मोठं, पसरट भासतं. हेल्मुट हास यांनी १९४९च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला, म्हणून या युक्तीला हास इफेक्ट म्हणतात. हेडफोनवर डावी प्रत डाव्या कानात, उजवी उजव्या कानात. दोघींची गाठच पडत नाही.

फोनवर मात्र गाठ पडते. १० मिलिसेकंदांत ज्या स्वराची कंपनं पूर्ण संख्येत बसतात, त्याच्या दोन्ही प्रती एका तालात येतात आणि आवाज भरतो. जिथे अर्धं कंपन जास्तीचं उरतं, तिथे एक प्रत वर जात असताना दुसरी खाली येते आणि दोघी एकमेकींना पुसतात. म्हणजे १००, २००, ३०० हर्ट्झ ठणठणीत आणि ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झला खड्डे. या आलेखाला फणीसारखे दाते दिसतात, म्हणून याला इंग्रजीत comb filtering म्हणतात.

आता समजा बहीण पांढरी पाचमध्ये गाते. तिचा सा साधारण १९६ हर्ट्झ. तो २००च्या जवळ पडतो, त्यामुळे शाबूत राहतो. शुद्ध गंधार येतो पांढरी सातवर, सुमारे २४७ हर्ट्झवर, आणि तो थेट २५०च्या खड्ड्यात जातो. त्याचा मूळ स्वर जवळपास २० डेसिबलने खाली येतो. तिसरा उपस्वरही बराच दबतो, पण दुसरा आणि चौथा जवळजवळ पूर्ण राहतात. त्यामुळे गंधार नुसता हळू होत नाही, वरच्या सप्तकात उडी मारल्यासारखा पातळ आणि पोकळ वाजतो. पेटीत सूर धरून ठेवलेला असतो, म्हणून हे इतकं उघडं पडतं. शिवाय तुमची कॉपी सुरांवर बोट ठेवून खोडते, त्यामुळे इक्वलायझर कितीही फिरवला तरी ते भरून निघत नाही. उशीर १० ऐवजी १४ केलात तर खड्डे दुसऱ्या सुरांवर सरकतील, इतकंच. काही जण उशिराऐवजी एका प्रतीची पोलॅरिटी उलटी करतात, म्हणजे लहरीचं वर-खाली उलटवतात. ते त्याहून वाईट, कारण मग बेरीज शून्य येते आणि मोनोत पेटी पूर्णच जाते.

मग रुंदी कशी आणायची? पेटीचा एकच ट्रॅक ठेवा आणि तो मध्यापासून थोडा डावीकडे न्या, तीस टक्के पुरे. तबला तितकाच उजवीकडे. आवाज मध्ये. रुंदीची जबाबदारी तानपुऱ्यावर द्या: एकच फाइल दोनदा लावू नका, दोन वेगवेगळ्या वेळी केलेली रेकॉर्डिंग घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन वेळच्या छेडण्यात इतका नैसर्गिक फरक असतो की ठरावीक खड्डे पडत नाहीत. पेटीही रुंदच हवी असेल तर वादकाकडून तोच भाग पुन्हा वाजवून घ्या. शेवटी आवाजाला स्टिरिओ रिव्हर्ब द्या. मोनोत रिव्हर्ब थोडा कमी ऐकू येईल, कारण त्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नसतात. ते चालतं, फोनवर शब्द उलट स्पष्ट होतात. पूर्ण कडेला ठेवलेली वाद्यंही मोनोत मध्यातल्या आवाजापेक्षा साधारण ३ डेसिबलने मागे जातात. म्हणून अभंगाची चाल ज्या वाद्यावर आहे ते पूर्ण कडेला ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

तबल्याला दोन माइक लावले असतील तर तेही एकदा तपासा. डग्ग्याच्या माइकमध्ये तबला आणि तबल्याच्या माइकमध्ये डग्गा थोडा शिरतोच. मोनोत ऐकत एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटून पाहा आणि ज्या स्थितीत डग्गा भरीव वाटेल ती ठेवा.

मोनो ऐकायचं कसं, हेही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. हेडफोनचा एक कान काढून ऐकणं म्हणजे मोनो नव्हे. त्यात तुम्हाला फक्त डावा किंवा फक्त उजवा प्रवाह ऐकू येतो, बेरीज नाही, आणि तुमच्या पेटीचा दोष त्यात मुळीच सापडणार नाही. रीपरमध्ये मास्टर ट्रॅकवर मोनोचं बटण असतं, ते दाबा. फोनवर हेडफोन लावून बेरीज ऐकायची असेल तर अँड्रॉइडमध्ये Accessibility खाली Mono audio आणि आयफोनमध्ये Accessibility > Audio & Visual खाली Mono Audio मिळेल. मास्टरवर डाव्या-उजव्या प्रवाहांतलं साम्य दाखवणारा कोरिलेशन मीटर लावलात तर डोळ्यांनाही दिसेल: काटा बहुतेक वेळ शून्याच्या वर राहिला तर ठीक, वारंवार उणेकडे जात असेल तर कुठलं तरी वाद्य स्वतःलाच खातंय. एकेक ट्रॅक म्यूट करत जा, चोर सापडतो.

आता डग्गा. डग्ग्याचा मूळ घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर ३००-४०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने दम सोडतो. म्हणजे तो घुमारा फोन वाजवूच शकत नाही. म्हणून १०० हर्ट्झला बूस्ट देऊ नका. फोनवर काही फरक पडणार नाही आणि हेडफोनवर डग्गा सगळ्यांच्या अंगावर येईल. डग्ग्याच्या ट्रॅकवर सौम्य सॅच्युरेशन लावा. त्याने १०० हर्ट्झच्या पटीतले २००, ३००, ४०० हर्ट्झचे उपस्वर वाढतात. ते फोन वाजवू शकतो, आणि उपस्वरांच्या पटींवरून खालचा मूळ स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. फोन हातात धरून सॅच्युरेशन हळूहळू वाढवा, घीस ऐकू येऊ लागली की थांबा, मग हेडफोनवर आवाज फाटका तर वाटत नाही ना ते पाहा.

मिक्स फोन, लॅपटॉप आणि हेडफोन अशा तिन्ही ठिकाणी ऐका, पण तिन्हीकडे एकच गोष्ट शोधू नका. मी फोनवर फक्त समतोल पाहतो: फोन टेबलावर ठेवून आवाज बराच कमी करायचा, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचं आणि तिथून अभंगाचे शब्द आणि ठेका दोन्ही कळतात का बघायचं. शब्द बुडत असतील तर गायिकेचा आवाज वाढवण्याआधी पेटी कमी करून पाहा.

लॅपटॉपवर मी आवाज आणि पेटीची भांडणं ऐकतो. त्याचे स्पीकर मधल्या आणि वरच्या पट्ट्यावर जोर देतात, त्यामुळे पेटीचा कर्कशपणा आणि ‘स’, ‘श’ची शिट्टी तिथे लगेच टोचते. पेटीवर २ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान २-३ डेसिबल काढले की गायिकेची व्यंजनं मोकळी होतात. त्याआधी लॅपटॉपमधलं ध्वनी सुधारणारं सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर तुम्ही त्याने रंगवलेला आवाज दुरुस्त करत बसाल. स्पीकर खालच्या बाजूला असतील तर लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा.

हेडफोन शेवटी, आणि बारकाव्यांसाठी: दोन टेक जोडल्याची टिकटिक, पंख्याची घरघर, कडव्याच्या शेवटी रिव्हर्बचं अचानक तुटणं. रुंदी किती ठेवायची हे मात्र हेडफोनवर ठरवू नका. तिथे डावा आवाज उजव्या कानाला मिळतच नाही, त्यामुळे सगळं प्रत्यक्षापेक्षा पसरट वाटतं.

एका साधनावर खटकलं म्हणून लगेच फेडर हलवू नका. लिहून ठेवा, आणि तीच गोष्ट दुसऱ्या साधनावरही खटकली तरच हात लावा. अपवाद फक्त मोनोत गायब होणाऱ्या वाद्याचा: ते एकाच ठिकाणी सापडलं तरी दुरुस्त करा. आणि तुमच्या ओळखीचा, नीट मिक्स झालेला एखादा अभंग त्याच फोनवर, तितक्याच मोठ्या आवाजात लावून बघा. त्यातला डग्गाही फोनवर जेमतेमच ऐकू येत असेल तर तुमचा आणखी वाढवायची गरज नाही.