एएमसीचा मेल: 'शासकीय बदल' हा शब्द मोघम ठेवू नका

"धुळ्यात आमची चार जणांची सॉफ्टवेअर फर्म आहे. एका ठिबक विक्रेत्याला बिलिंग करून दिलंय. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, काय येतं, काय नाही, हे मेलने कळवायचंय. कसं लिहू?"

भाऊ, प्रिंटर-नेटवर्क आपल्याकडे नाही वगैरे तुम्ही लिहालच. माझा पैसा अडकला तो एकाच वाक्यात. जळगावच्या एका ग्राहकाच्या ऑफिसने स्वतःचाच मसुदा दिला होता: 'शासकीय नियमांमुळे होणारे सर्व बदल समाविष्ट.' १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली आणि त्यांनी ते वाक्य दाखवून अख्खं मॉड्यूल फुकट मागितलं. नूतनीकरणाचं बिल अकाउंट्सवाल्यांनी तोवर दाबून धरलं. फोन केला की "साहेब बाहेर आहेत".

म्हणून शासकीय बदलाचे दोन भाग करा. सप्टेंबर २०२५ मध्ये ठिबक संचाचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पीव्हीसी पाइप मात्र १८ वरच राहिला. हे दर मास्टरमध्ये बदलायचं काम, ते एएमसीत घ्या. पण २२ सप्टेंबरच्या आधी विकलेला संच नंतर परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच १२ टक्क्यांनी निघायला हवी. दरासोबत लागू तारीख साठवली नसेल तर ती ५ टक्क्यांनी निघेल. तो दोष आपला, फुकटच दुरुस्त करायचा. मेल पाठवण्याआधी एक जुनं बिल घेऊन हे तपासाच.

ई-इनव्हॉइसचं तसं नाही. बिलाची माहिती सरकारी पोर्टलला पाठवायची, आयआरएन हा बिलाचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड परत घ्यायचा, तो बिलावर छापायचा, रद्द करायचं तर २४ तासांच्या आत. ही सगळी नवी जोडणी आहे. मी आता असं लिहितो:

"आधीपासून असलेल्या दरांत किंवा बिलाच्या नमुन्यात कायद्यामुळे बदल झाल्यास तो करारात समाविष्ट आहे. नवीन सरकारी पोर्टलशी जोडणी किंवा नवीन मॉड्यूल लागल्यास वेगळं कोटेशन देऊ व लेखी मंजुरीनंतरच काम सुरू करू."

मी वकील नाही, करार मोठा असेल तर दाखवून घ्या. पण 'सर्व', 'पूर्ण', 'कायम' हे शब्द मेलमध्ये नकोतच, असं माझं ठाम मत आहे. 'चार तासांत प्रतिसाद' लिहिलंत तर प्रतिसाद म्हणजे दुरुस्ती नव्हे, हेही लगेच पुढच्या ओळीत टाका. नाहीतर मार्चएंडला रात्री नऊला फोन येतो आणि त्यांची घड्याळं तिथूनच सुरू होतात.

आणि मेल मालकाला पाठवा, अकाउंटंटला सीसीत ठेवा. 'मान्य आहे' एवढं उत्तर मालकाकडूनच घ्या. आमच्या बाबतीत सही करणारा वेगळा होता आणि बिल अडवणारा वेगळा.