एक्झॉस्ट चालू असूनही ब्लीचचा वास घरात का पसरतो, आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर काय करायचं

प्रश्न: बाथरूम धुताना आधी टॉयलेट क्लीनर टाकतो आणि मग वरून ब्लीच. एक्झॉस्ट चालू असतो तरी घसा जळतो. बायकोला दमा आहे, ती हॉलमध्ये बसलेली असते तरी तिला खोकला सुरू होतो. मोठा एक्झॉस्ट बसवला तर फरक पडेल का?

उत्तर:

एक्झॉस्टचं नंतर बघू, आधी ते "मग वरून ब्लीच" आजपासून बंद करा. मी वेंटिलेशनच्या कामात आहे आणि मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या आहेत.

तुमचा घसा जाळतोय तो नुसता ब्लीचचा वास नाहीये. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं, आणि ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ही दोन एकत्र आली की क्लोरीन गॅस सुटतो. लगेच, तिथल्या तिथे. भांड्याच्या कडेखाली क्लीनर चिकटून राहिलेला असतो, वरवर फ्लश करून तो जात नाही, त्यामुळे "मी मध्ये पाणी टाकतो की" यावर फार भरवसा ठेवू नका. ॲसिडवाला क्लीनर एका दिवशी आणि ब्लीच लागलंच तर दुसऱ्या दिवशी, एवढा सरळ नियम ठेवा. अमोनियाचंही तेच, काचा पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो, आणि लघवी साचून वास मारत असेल तर तिथेही तो तयार होत असतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचे गॅस तयार होतात, तेही छातीला तेवढेच वाईट. म्हणून लघवीचा वास येत असेल तर आधी भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवायचं, ब्लीच नंतर.

आता अमोनिया आणि क्लोरीन हे दोन गॅस शरीरात वेगळे वागतात ते सांगतो, कारण वहिनींच्या दृष्टीने तो फरक महत्त्वाचा आहे. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून तो डोळे, नाक, घसा इथेच धरतो, डोळ्यातून पाणी आणि ठसका लगेच, आणि माणूस आपोआप बाहेर पळतो. क्लोरीन त्या मानाने कमी विरघळतो, थोडा वर त्रास देतो आणि बाकीचा खाली श्वासनलिकांपर्यंत जातो. त्यामुळे क्लोरीनचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, दुपारी बाथरूम धुतलं आणि रात्री छाती भरून आली असं होऊ शकतं. आणि नाकाला वासाची सवय होते, पाच-दहा मिनिटांनी "आता वास गेला" असं वाटतं तेव्हा तो गेलेलाच असतो असं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, तो खरं सांगेल.

आता एक्झॉस्ट. हिशोब करून बघू. समजा बाथरूम 2 मीटर बाय दीड मीटर आणि उंची अडीच मीटर, म्हणजे साडेसात घनमीटर हवा. साधा छोटा एक्झॉस्ट तासाला 150 घनमीटर हवा फेकतो असं धरलं तर 3 मिनिटांत एवढी हवा बाहेर जाते. पण एकदा एवढी हवा गेली म्हणजे गॅस संपला असं होत नाही, कारण नवी हवा जुन्यात मिसळत राहते, पहिल्या 3 मिनिटांनंतर साधारण 37 टक्के गॅस उरतो आणि 9 मिनिटांनंतर 5 टक्क्यांच्या आसपास. हे सगळं कागदावर, हवा नीट मिसळली आणि नवीन गॅस सुटत नसेल तर. प्रत्यक्षात कोपऱ्यात हवा अडकते, फरशीवर ब्लीच ओलं असतं, म्हणून मी अर्धा तास तरी धरतो, आणि तोही फरशी पाण्याने पूर्ण धुऊन झाल्यावर मोजायला सुरू करतो. फरशीवर ब्लीच तसंच सोडून तासभर पंखा चालवला तर अर्थ नाही, वास तिथूनच येत राहणार.

म्हणजे तुमचा आत्ताचा छोटा एक्झॉस्ट आकड्यात पुरेसा आहे. मग काम का करत नाही? कारण हवा बाहेर जायला तेवढीच हवा आत यायला लागते. दार घट्ट बंद, खालची फट पायपुसण्याने बुजलेली, खिडकी बंद, अशात पंखा गरगर फिरतो, आवाज करतो, आणि हवा जवळजवळ हलत नाही. टिश्यू पेपरची एक लांब पट्टी फाडा, बाथरूमचं दार लावा, एक्झॉस्ट चालू करा, आणि बाहेर बसून ती पट्टी दाराच्या खालच्या फटीपाशी धरा. पट्टी आत ओढली जात असेल तर ठीक, हवा हॉलमधून बाथरूममध्ये जातेय. लटकून राहिली तर एक्झॉस्ट नावाला आहे, जाळीवरचा धुळीचा थर काढा, मागची झडप उघडतेय का बघा. आणि पट्टी तुमच्याकडे बाहेर फुगली तर वहिनींना हॉलमध्ये खोकला का येतो ते सापडलं.

हे बाहेर फुगणं कधी होतं? किचनची चिमणी चालू असते तेव्हा! मला कामात हे कितीदा दिसतं. चिमणी तासाला हजार घनमीटरच्या आसपास किंवा जास्त हवा ओढते, घराच्या खिडक्या बंद असतील तर ती हवा मिळेल तिथून खेचते, आणि बाथरूमचा बिचारा 150 वाला एक्झॉस्ट तिच्यापुढे हरतो. मग बाथरूममधली हवा दाराच्या फटीतून हॉलमध्ये येते. एक्झॉस्ट चालू दिसतो म्हणून कोणाला शंका पण येत नाही. तर बाथरूम धुताना आणि त्यानंतर तासभर चिमणी बंद, आणि हॉलची किंवा बाथरूमपासून लांबची एक खिडकी उघडी. हवेचा रस्ता असा हवा: लांबच्या खिडकीतून आत, हॉलमधून बाथरूमच्या फटीतून, आणि एक्झॉस्टमधून बाहेर. पट्टीने पुन्हा तपासून घ्या.

एक्झॉस्ट नसेल आणि बाथरूमला खिडकी असेल तर टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, हवा बाहेर फेकेल असा, अर्थात फॅन आणि वायर ओल्या फरशीपासून लांब. हॉलमधला सीलिंग फॅन लावू नका, तो फक्त घरभर ढवळतो. एसीने पण काही होत नाही, साधा स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो, आणि साध्या फिल्टरवाल्या एअर प्युरिफायरने धूळ अडते, हा गॅस अडत नाही. मास्कचंही तेच, एन 95 धूळ-कण अडवतो, क्लोरीन त्यातून आरामात आत येतो. उलट मास्क घातला म्हणून माणूस जास्त वेळ आत थांबतो, म्हणून मला तो सल्ला आवडत नाही.

आणखी एक, क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो. घरात तो हवेत मिसळतो, अगदी वेगळा थर वगैरे होत नाही, पण सुटतो त्या जागी खालीच जास्त असतो, आणि आपण उकिडवं बसून नेमकं तिथेच घासत असतो. उभं राहून लांब दांड्याच्या ब्रशने घासलं तर तोंड तेवढं लांब राहतं.

ब्लीच वापरायचंच असेल तर मापाने वापरा. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटर पाण्यात 20 मिली हे बहुतेक कामाला पुरतं (लेबलवर वेगळं माप असेल तर ते पाळा). गरम पाणी नको, त्याने वाफ जास्त सुटते. स्प्रे बाटलीत भरून फवारू नका, बारीक थेंब थेट छातीत जातात, फडक्यावर ओतून पुसा. खरं तर रोजच्या सफाईला ब्लीच लागतच नाही, साबण आणि घासणं पुरतं, पण हे माझं मत आहे.

आता वहिनींचं. धुण्याचं काम त्यांनी करायचं नाही आणि त्या वेळी त्या घरात नसतील तर उत्तम, बाहेर चक्कर मारून येऊ द्या. जमत नसेल तर बाथरूमपासून सगळ्यात लांबच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो चुकवायचा नाही, कारण श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतील तर थोडासा गॅसही खूप लागतो. अटॅकसाठीचा पंप हाताशी हवा. ही ॲलर्जी नाही, जळजळ आहे, त्यामुळे ॲलर्जीची गोळी आधी घेऊन फायदा होत नाही.

चुकून दोन्ही मिसळलंच आणि झणझणीत भपकारा आला तर पाणी ओतत बसू नका, लिंबू-व्हिनेगर तर अजिबात नको, त्याने अजून गॅस सुटेल. बाहेर या, दार ओढून घ्या, एक्झॉस्टचं बटण बाहेर असेल तर चालू राहू द्या, खिडक्या उघडा आणि सगळे मोकळ्या हवेत जा. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या साध्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, कपड्यांवर उडालं असेल तर कपडे बदला. वाफ घेऊ नका.

दम्याच्या माणसाला धाप लागली तर आडवं करू नका, ताठ बसवा. अटॅकसाठीचा सालब्युटामॉलचा पंप, शक्यतो स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी लावून, एका वेळी एकच पफ, प्रत्येक पफनंतर स्पेसरमधून 4 श्वास, असे 4 पफ, मग 4 मिनिटं थांबा, फरक नाही तर परत 4. डॉक्टरांनी लिहून दिलेला वेगळा प्लॅन असेल तर तोच पाळा. तरीही उतार नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवा. एक वाक्य दम न घेता पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा आधी येणारा शिट्टीसारखा आवाज बंद झाला पण माणूस थकत चाललाय, यातलं काहीही दिसलं तर मात्र मिनिटं मोजत बसायचं नाही, आधी फोन. आवाज बंद होणं म्हणजे बरं वाटणं नव्हे, हवाच आत जात नसते.

बरं वाटलं तरी पुढचे 24 तास लक्ष ठेवा, रात्री एकटं झोपू देऊ नका, आणि खोकला-धाप परत वाढली तर थेट हॉस्पिटल. हे तुम्हालाही लागू आहे, दमा नसला तरी, कारण अशा एका मोठ्या भपकाऱ्यानंतर काहींना महिनोन्महिने दम्यासारखा त्रास राहतो. जाताना दोन्ही बाटल्यांच्या लेबलचा फोटो काढून न्या, आणि किती वेळ आत होतात ते सांगा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.