बहिणीला कळवायचं, पण रिपोर्ट कोणाचा ते नाही

गडचिरोलीकडच्या पीएचसीत नव्याने रुजू झालात, तर हा प्रसंग येणारच. बाईचा सिकलसेलचा रिपोर्ट ‘एएस’, म्हणजे वाहक. धाकटी बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली, दोन महिन्यांची गरोदर, आणि बाई म्हणते, “सासरी कळलं तर तिला नांदवणार नाहीत.”

आधी एचपीएलसीचा रिपोर्ट हातात घ्या. सोल्युबिलिटी चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते, रुग्णातही. तेवढ्यावर बोलू नका. आईबापांपैकी एकच वाहक असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिचा नवराही वाहक निघाला तर दर गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्याच्या आसपास होते, म्हणून वेळ थोडा आहे.

बाईला एकटीला बसवा, सासूला बाहेर. तिच्या हाती बिननावाची चिठ्ठी द्या: ‘माहेरी सिकलसेल आढळला आहे, दोघांनी तपासून घ्यावं.’ पुष्कळदा एवढ्यानं काम होतं. आशाताईंकडून निरोप धाडू नका, गावात संध्याकाळपर्यंत पोचतो.

ती नाहीच म्हणाली, तर नकार तारखेसह केसपेपरवर लिहा. बहिणीच्या पीएचसीला नाव न घेता एवढंच विचारा की सगळ्या गरोदर बायांची सिकलसेल तपासणी होते ना. त्यातून ती आपसूक तपासली जाते. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतलं कलम ७.१४ ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असेल तर गुपित उघडू देतं, पण ते शेवटी. वरिष्ठांना विचारून, आणि बाईला आधी सांगून.