ताम्रपट वाचायला घेताय? मधूनच सुरुवात करा

नवीन मंडळी ताम्रपट हाती आला की राजाच्या वंशावळीवर तुटून पडतात. वंशावळ महत्त्वाची खरीच. प्रभावतीगुप्ताच्या पुणे ताम्रपटात तर वाकाटकांची ही राणी सासरऐवजी माहेरच्या गुप्तांची वंशावळ देते. दुसरा चंद्रगुप्त तिचा बाप, त्यामुळे वाकाटकांचा काळ ठरवायला मोठा आधार मिळाला. पण माझं ऐका, पुढे जाऊन दानाचा मजकूर वाचा.

तिथे दंगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामींना दिलंय. गाव कुठलं? विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, अशी चारही बाजूंची खूण आहे. इथे हमखास गफलत होते. दंगुण विलवणकाच्या पूर्वेला, म्हणजे नकाशावर विलवणक दंगुणच्या पश्चिमेला शोधायचं! चारही नावं आजच्या गावांशी जुळली तरच ओळख पक्की. एकाच नावाच्या साम्यावर उडी मारू नका.

मग सवलती बघा. सैनिकांनी गावात शिरायचं नाही, चामडं आणि कोळसा मागायचा नाही. माफी दिली म्हणजे एरवी हे वसूल होत असणार. राजाच्या स्तुतीत हे कुठे सापडणार?

बनावट ताम्रपटही असतात, कारण जमिनीवर हक्क सांगायला हाच कागद. अक्षरवळण सांगितलेल्या काळाशी जुळतंय का, ते आधी तपासा. पत्रे ओवलेली कडी कापून पुन्हा जोडलेली दिसली, तर कडीवरची मुद्रा त्याच पत्र्यांची आहे का, हेही विचारा.