नाव आधी अर्जात, मग बारशात

ताई, दत्तक बाळाचं नाव कधी ठरवायचं असं विचारलंत. बारसं निवांत करा. नाव मात्र दत्तक आदेशाच्या अर्जाआधीच पक्कं करा. 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात आणि जन्मदाखला त्यावरूनच निघतो. त्यात आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात.

अर्ज जाण्यापूर्वी एवढं बघा:

- बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव: क्रम ठरवा.
- इंग्रजी स्पेलिंग लिहूनच द्या. आमच्या ‘श्रिया’त आदेशात ‘आय’ आला, दाखल्याच्या अर्जात मी दोनदा ‘ई’ लिहिला. दुरुस्तीला हेलपाटे!

आधार, पासपोर्ट दाखल्यानंतरच. संस्थेतलं नाव आधारवर असेल तर तेच आधार अपडेट करा, दुसरं काढू नका.

लेक मोठी असेल तर नाव बदलण्याआधी तिला विचारा. आमची थोरली जुन्याच नावाला ‘ओ’ देते.